ऋतुचक्र आणि एसीएल अस्थिबंधाची दुखापत

एसीएल हा गुडघ्याच्या सांध्यात आतून तिरपा जाणारा एक अस्थिबंध होय. तो मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना जोडतो आणि नडगी पुढे सरकू नये, तसेच गुडघा पिळला जाऊ नये, यासाठी तिला धरून ठेवतो. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, स्कीइंग अशा खेळांत तो तुटण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते. अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार हे प्रमाण फुटबॉलमध्ये दुपटीहून अधिक, तर बास्केटबॉलमध्ये सुमारे चौपट होते. या फरकाचे एक कारण ऋतुचक्रातील संप्रेरकांच्या चढउतारात असावे, असे अनुमान तेव्हापासून मांडले जाते.

अनुमानाचा आधार

पाळीच्या पहिल्या दिवसापासून अंडमोचनापर्यंतच्या, म्हणजे अंडाशयातून अंडे बाहेर पडेपर्यंतच्या काळास चक्राचा पूर्वार्ध म्हणता येईल. त्याच्या अखेरीस रक्तातील इस्ट्रोजेन सर्वोच्च पातळी गाठते. अंडमोचनानंतरच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि इस्ट्रोजेनचाही दुसरा, काहीसा लहान चढाव येतो.

मानवी एसीएलमधील पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही असतात, हे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. अस्थिबंधाची बळकटी कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंवर अवलंबून असते. प्रयोगशाळेत सशाच्या अस्थिबंधातील पेशींना इस्ट्रोजेन दिल्यावर त्यांची कोलॅजेननिर्मिती मंदावल्याचे आढळले. यावरून इस्ट्रोजेन वाढले की अस्थिबंध सैल होतो आणि सैल झालेला अस्थिबंध लवकर तुटतो, अशी कारणसाखळी कल्पिली गेली. तिच्या दोन्ही कड्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

शैथिल्याचे मोजमाप

अस्थिबंधाचे शैथिल्य, म्हणजे सैलपणा, केटी-१००० सारख्या उपकरणाने मोजतात. खेळाडू गुडघा किंचित वाकवून उताणी पडून राहते. नडगीवर ठरावीक बल लावून ती पुढे ओढली जाते व किती मिलिमीटर सरकली याची नोंद होते. निरोगी गुडघ्यात हे सरकणे काही मिलिमीटर असते.

अशा अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. अनेक अभ्यासांत चक्राच्या टप्प्यांनुसार काहीच फरक आढळला नाही. ज्यांत आढळला, त्यांत शैथिल्य बहुधा अंडमोचनाच्या सुमारास अधिक दिसले. सर्व अभ्यास एकत्र केल्यास सरासरी फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. एकाच गुडघ्याचे दोन दिवशी मोजमाप घेतले, तर केवळ हात व बैठक बदलल्यामुळे याहून मोठा फरक पडू शकतो. सरासरीमागे व्यक्तिभेदही दडलेला असतो. काही स्त्रियांच्या गुडघ्यात चक्रागणिक स्पष्ट बदल होतो, तर काहींच्या गुडघ्यात जवळजवळ काहीच होत नाही.

म्हणून पहिल्या कडीविषयी एवढेच म्हणता येते, की बदल होतो, पण तो लहान असतो आणि सर्वांमध्ये सारखा नसतो.

दुखापत कोणत्या दिवशी होते

दुसरी कडी तपासण्यासाठी जखमी खेळाडू चक्राच्या कोणत्या दिवशी होत्या, हे पाहिले जाते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला २८ खेळाडूंचा अभ्यास याचे उदाहरण म्हणून घेता येईल. संशोधकांनी २८ दिवसांचे चक्र गृहीत धरून १० ते १४ हे पाच दिवस अंडमोचनाचे मानले. दुखापती सर्व दिवसांत सारख्या विखुरल्या असत्या, तर या दिवसांत १८ टक्के, म्हणजे पाच दुखापती अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात २९ टक्के, म्हणजे आठ आढळल्या. टक्केवारीत हा फरक मोठा दिसतो, परंतु तो अवघ्या तीन दुखापतींचा आहे.

शिवाय हे दिवस खेळाडूंच्या आठवणीवरून ठरवले होते. एखाद्या खेळाडूचे चक्र ३४ दिवसांचे आहे आणि तिला बाराव्या दिवशी दुखापत झाली, असे समजू. वरील पद्धतीनुसार ती अंडमोचनाच्या गटात मोजली जाईल. परंतु अंडमोचनापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ साधारणतः १४ दिवसांच्या आसपास असतो, आणि चक्राची लांबी मुख्यतः पूर्वार्धामुळे बदलते. त्यामुळे तिचे अंडमोचन विसाव्या दिवसाच्या सुमारास होणार होते, आणि दुखापतीच्या दिवशी इस्ट्रोजेनचा चढावही पुरता आलेला नसावा. कठोर सराव करणाऱ्या काही खेळाडूंमध्ये पाळी येते, पण अंडमोचन होतच नाही. केवळ दिनदर्शिकेवरून त्यांना ओळखता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील अभ्यासांत संप्रेरकांची प्रत्यक्ष चाचणी झाली. २००२ मध्ये ६९ खेळाडूंच्या मूत्रतपासणीवर आधारित अभ्यासात अंडमोचनाच्या काळात अपेक्षेपेक्षा अधिक दुखापती आढळल्या. २००६ मध्ये स्कीइंग करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तचाचणीतून अंडमोचनापूर्वीच्या काळात धोका सुमारे तिप्पट दिसला. नॉर्वेतील हँडबॉलपटूंच्या १९९८ च्या अभ्यासात मात्र दुखापती पाळीच्या आगेमागे एकवटलेल्या होत्या. बहुसंख्य अभ्यासांचा कल चक्राच्या पूर्वार्धाकडे असला, तरी प्रत्येक अभ्यासातील जखमींची संख्या थोडी आणि टप्प्यांच्या व्याख्या निरनिराळ्या आहेत.

दोन कड्या जुळतात का

येथे एक विसंगती उरते. शैथिल्यातील बदल संप्रेरकांच्या बदलामागून काही दिवसांनी दिसू लागतो. म्हणजे अधिक शैथिल्य अंडमोचनाच्या वेळी किंवा त्यानंतर अपेक्षित आहे. दुखापतींचा कल मात्र बव्हंशी त्याआधीच्या दिवसांकडे दिसतो. शैथिल्य हेच मुख्य कारण असते, तर दोन्ही एकाच दिवसांत एकवटले असते.

दुखापतीच्या क्षणाचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. एसीएल बहुधा कोणाचा धक्का न लागता, उडीनंतर पाय टेकताना किंवा धावता धावता एकदम दिशा बदलताना तुटतो. चित्रफितींच्या विश्लेषणावरून पाय टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत तो तुटत असावा, असे दिसते. इतक्या अल्प वेळेत स्नायू प्रतिसाद देऊन गुडघा सावरू शकत नाहीत. त्यामुळे पाय टेकण्यापूर्वीच स्नायू कितपत सज्ज आहेत आणि गुडघा आत झुकलेला आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. उताण्या पडलेल्या, शिथिल पायाचे मोजमाप याविषयी फारसे सांगू शकत नाही.

मात्र ज्या खेळाडूचा गुडघा मुळातच सैल आहे, तिला दुखापतीचा धोका अधिक असल्याचे पुरावे आहेत. हा दोन व्यक्तींमधील फरक आहे. एकाच व्यक्तीत महिन्याभरात होणारा सूक्ष्म बदल ही वेगळी गोष्ट असून, चर्चेत या दोहोंची अनेकदा गल्लत होते.

व्यावहारिक अर्थ

ठरावीक दिवशी खेळाडूस सामन्याबाहेर ठेवावे, एवढा भक्कम पुरावा उपलब्ध नाही. तसे केल्यास दुखापत टळेल याची हमी नसते, पण सरावाचे दिवस मात्र निश्चित बुडतात. याउलट उडीनंतर गुडघे वाकवून मऊपणे टेकणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि मांडीच्या मागील स्नायूंना बळकटी देणे, असे व्यायाम सरावापूर्वी नियमित केल्यास स्त्रियांमधील एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसते. हे व्यायाम चक्राच्या सर्व टप्प्यांत सारखेच करावयाचे असतात.

पाळीची नोंद ठेवण्याचा उपयोग निराळा आहे. पाळी लांबणे किंवा थांबणे हे अपुऱ्या आहाराचे व अतिश्रमाचे लक्षण असू शकते. अशा स्थितीत हाडे कमकुवत होऊन त्यांना बारीक तडे जाण्याचा धोका वाढतो, म्हणून सलग तीन महिने पाळी न आल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.