धावरे आणि चिखल्या

भातलावणी आटोपली आणि काकूंना हुडहुडी भरून ताप आला. उजवी नडगी लालबुंद, गरम. लालीची कड बोटाला उंचवट्यासारखी लागत होती. हे धावरे, बहुधा स्ट्रेप्टोकोकस जंतूंचे. दोन्ही पाय सारखेच लाल, खाजरे आणि ताप नाही, तर बहुतेकदा दोष शिरांचा असतो. तिथे अँटिबायोटिक वायाच जाते.

डॉक्टरांनी पेनने लालीची कड आखली, पेनिसिलिन गटातली गोळी दिली, पाय उशीवर ठेवायला सांगितले. पहिल्या दिवशी लाली रेषेबाहेर थोडी सरकू शकते. पण ती झपाट्याने पसरली, वेदना असह्य झाल्या, काळे फोड आले, रक्तदाब उतरला किंवा रुग्ण बरळू लागला, तर तडक रुग्णालय गाठायचे.

काकूंचे हे तिसरे धावरे. जंतूंची वाट बोटांच्या बेचक्यात होती: चिखल्या. त्यांवर बुरशीचे मलम कोणी दिलेच नव्हते!