कोर्स कुणाला, आणि कशाचा?

ग्राहक सेवेबद्दल तक्रारी वाढल्या की बहुतेक कंपन्या सगळ्यांनाच ‘संवादकौशल्या’च्या वर्गाला बसवतात. प्रशिक्षणाची गरज तपासणारा अहवाल आधी विचारतो: चूक न येण्यामुळे होते, की येत असूनही करता न येण्यामुळे? रॉबर्ट मॅगर आणि पीटर पाइप यांनी 1970 साली हाच भेद मांडला होता. माझ्या मते अहवालाचा जीव त्यातच आहे.

समजा, एका ब्रॉडबँड कंपनीत बिलाबद्दल तेच ग्राहक पुन्हा पुन्हा फोन करतात. अहवाल लिहिणारा अशा 40 कॉलची ध्वनिमुद्रणे ऐकतो. 22 कॉलमध्ये महिन्याच्या मधेच प्लॅन बदलल्यावर रक्कम कशी ठरते, हे कर्मचाऱ्यालाच समजावता येत नाही. 11 कॉलमध्ये त्याला सगळे कळते, पण पैसे परत करायचा अधिकार नाही. उरलेल्या 7 कॉलमध्ये ग्राहकाने नेमके काय विचारले, हेच नीट ऐकलेले नसते.

पहिल्या गटासाठी खरी बिले समोर ठेवून सराव करून घेणारा अर्ध्या दिवसाचा वर्ग पुरतो. तिसऱ्यासाठी ऐकण्याचा आणि नेमके प्रश्न विचारण्याचा छोटा कोर्स, तोही फक्त त्याच कर्मचाऱ्यांना. दुसऱ्या गटासाठी कोर्स सुचवणे अन्यायाचे आहे. तिथे परताव्याची मर्यादाच वाढवायला हवी.

फक्त कर्मचाऱ्यांना प्रश्नावली देऊन हे उमगत नाही, कारण आपल्याला काय येत नाही ते माणसाला बरेचदा ठाऊकच नसते. वर्गानंतर महिन्याभराने बिलाबद्दलचे दुबार फोन पुन्हा मोजावेत. ते घटले नसतील, तर निदान चुकले असण्याची शक्यता आधी तपासावी.