पाणी ओळखायचं, तर आधी जमीन काढा

चौथी-पाचवीतल्या मुलांना आखात आणि उपसागर यांतला फरक विचारला, तर उत्तर हमखास येतं, ‘उपसागर मोठा, आखात लहान.’ नकाशात बंगालचा उपसागर ऐसपैस पसरलेला दिसतो, खंभातचं आखात इवलंसं, त्यामुळे ते पटतंही. पण बंगालचा उपसागर तांबड्या समुद्राच्या कितीतरी पट मोठा आहे. तरीही तो उपसागर आणि तांबडा समुद्र मात्र समुद्र. नाव समजून घ्यायचं तर आकारमानापेक्षा पाण्याला जमीन कुठून कशी भिडली आहे, ते पाहावं लागतं.

म्हणून चित्र काढताना सुरुवात जमिनीपासून करावी. किनाऱ्याची एकच ठळक रेघ ओढायची, जमिनीच्या बाजूला तिरप्या रेघा मारायच्या आणि पाणी कोरं ठेवायचं. हे केलं नाही, तर सामुद्रधुनी म्हणून मुलं दोन समांतर रेघा ओढतात आणि मधला पट्टा पाण्याचा की जमिनीचा, हे त्यांनाच कळत नाही.

आता बोटाची होडी करून मुंबईहून निघू. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या खंडांच्या मध्ये पसरलेलं अफाट पाणी म्हणजे हिंदी महासागर. त्याचाच वायव्येकडचा भाग म्हणजे आपला अरबी समुद्र. त्याच्या पूर्वेला भारत, उत्तरेला पाकिस्तान आणि इराण, पश्चिमेला अरबस्तान. दक्षिण बाजू मोकळी. होडी वायव्येकडे नेली, की दोन्ही किनारे नरसाळ्यासारखे जवळ येऊ लागतात. हे ओमानचं आखात. त्याच्या टोकाशी किनारे इतके जवळ येतात, की सर्वांत अरुंद जागी मधलं पाणी चाळीस किलोमीटरही रुंद नाही. इथे बोट थांबवून मुलांना विचारा: जमीन किती बाजूंना? दोन. पाणी कुठे? पुढे आणि मागे. ही होर्मुझची सामुद्रधुनी. ती ओलांडली की पाणी पुन्हा रुंदावतं, आणि सगळीकडून जमिनीने वेढलेलं, अरुंद तोंडाचं इराणचं आखात लागतं. तिथून समुद्रमार्गे बाहेर पडायला हीच एक वाट आहे, म्हणून तिथल्या तेलवाहू जहाजांच्या बातम्यांत होर्मुझचं नाव सारखं येतं.

आखाताचं तोंड सहसा अरुंद असतं, पाणी जमिनीत खोलवर शिरलेलं असतं. उपसागराचं तोंड रुंद असतं. मात्र एखादं चलाख मूल विचारेल, ‘अरबी समुद्रालाही तीन बाजूंनी जमीन आहे, मग तो उपसागर का नाही?’ प्रश्न बिनतोड आहे आणि तो टाळू नये. ही नावं खलाशांच्या आणि नकाशे करणाऱ्यांच्या वापरातून रूढ झाली, नियम मागाहून आले. त्यामुळे नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो, सगळीकडे नाही. कॅस्पियन समुद्र तर चहूबाजूंनी जमिनीत आहे. खरं म्हणजे ते सरोवर.

किनारा जरासा आत वळला की लगेच उपसागर होतो का? संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्यात याची एक सुंदर कसोटी आहे, आणि ती कंपासपेटीतल्या साहित्याने करता येते. वळणाच्या दोन टोकांना जोडणारी रेघ ओढायची. ती व्यास धरून अर्धवर्तुळ काढायचं. रेघेच्या आतलं पाणी अर्धवर्तुळापेक्षा कमी भरलं, तर कायद्याच्या लेखी तो किनाऱ्याचा नुसता बाक.

राहिला चॅनल. तोही दोन भूभागांमधला जलमार्गच, पण सहसा सामुद्रधुनीपेक्षा रुंद. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला इंग्लिश चॅनल पश्चिमेकडे चांगला रुंद आहे. पूर्वेकडे तो निमुळता होत जातो आणि जिथे जेमतेम ३३ किलोमीटर उरतो, ती डोव्हरची सामुद्रधुनी. आपल्याकडे अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये दहा अंश चॅनल आहे. १० अंश उत्तर अक्षवृत्तावर, सुमारे १५० किलोमीटर रुंद. इंग्लिश चॅनलला पुस्तकांत इंग्लिश खाडीही म्हणतात. ठाणे-वसईची खाडी पाहिलेल्या मुलाचा त्याने गोंधळ उडतो, म्हणून शिकवताना चॅनल म्हणणंच बरं.

एवढं झालं, की मुलांना तमिळनाडू आणि श्रीलंका यांचा कोरा नकाशा द्या. दक्षिणेकडून बोट वर न्यायला सांगा: आधी मन्नारचं आखात, मग रामसेतूची उथळ रांग, पुढे पाल्कचा उपसागर, पाल्कची सामुद्रधुनी आणि शेवटी बंगालचा उपसागर. प्रत्येक नावाशी थांबून जमीन कोणकोणत्या बाजूंना आहे, ते मुलांनाच सांगू द्या. नावं त्यानंतर लिहायला लावा.