वडील हयात, पण सोबत नाहीत: आईची सही चालते

आमच्याकडे एक ताई आल्या. नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. मुलाच्या खात्यासाठी बँक वडिलांचीच सही मागत होती.

आम्ही त्यांना सांगितलं, हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांना लागू असलेल्या कायद्यात ‘वडिलांनंतर आई’ असं आहे. त्याचा अर्थ फक्त वडिलांच्या मृत्यूनंतर, असा नाही. वडील मुलाकडे बघतच नसतील, तरीही आईच पालक. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात तसं ठरवलंय.

बँकेत मुलाचा जन्मदाखला, फोटो, आपलं आधार आणि पॅन न्या; पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म बँकेत भरा. शाळेत जन्मदाखल्यासोबत ‘वडील सोबत राहत नाहीत, मूल माझ्याकडे आहे’ असा अर्ज द्या, पोच घ्या. नकार दिला तर तो लेखी मागा. ताईंनी तो मागितला आणि खातं उघडलं.