साखर किती, पाणी किती

लिंबू पिळलेल्या गार रममध्ये चमचाभर साखर टाकून ढवळून पाहा. बराच वेळ ढवळलं तरी साखर ग्लासच्या तळाशी खुळखुळत राहते. साखरेला विरघळायला पाणी लागतं. दारूत ती फारच कमी विरघळते, त्यात बर्फाचा गारवा. मग पहिला घोट आंबट लागतो आणि शेवटचा नुसता गोड. कॉकटेलसाठी साखर आधीच पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवतात ती यासाठी. त्या बाटलीतलं सिरप.

पाक करणाऱ्या घरांत हे शिकवावं लागू नये असं वाटतं, पण घोटाळा नेमका तिथेच होतो. पाक म्हटलं की आपला हात तो उकळत ठेवतो, कारण आपल्याला एकतारी हवी असते. तार येते ती पाणी उडून गेल्यामुळे. सिरपमध्ये पाण्याचं माप ठरलेलं असावं लागतं, म्हणून साखर विरघळून पाणी स्वच्छ दिसलं की गॅस बंद. माझी पहिली बाटली मी दहा मिनिटं खळखळ उकळली होती. आठवड्याभरात तळाशी खडीसाखर बसली आणि वरच्या सिरपची गोडी रोज वेगळी लागू लागली.

सिम्पल सिरप म्हणजे साखर आणि पाणी समान वजनाचं: २०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम पाणी. वजन म्हणते, वाटी नव्हे. साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे जी वाटी २४० ग्रॅम पाणी घेते तिच्यात साखर साधारण २०० ग्रॅमच मावते. वाटीने मोजलेलं सिरप पातळ होतं. ते पिण्यात काही वाईट नाही, पण कमी गोड असतं आणि लवकर खराब होतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे कामाला येतो.

रिच सिरपमध्ये साखर दुप्पट: ४०० ग्रॅमला २०० ग्रॅम पाणी. हे दाट असतं आणि जिभेवर जरा रेंगाळतं. व्हिस्कीच्या ओल्ड फॅशन्डसारख्या पेयात, जिथे वरचं पाणी नको असतं, तिथे मला हेच आवडतं. एकाच्या जागी दुसरं वापरायचं असेल तर हिशेब सोपा आहे. सिम्पलच्या १५ मिलिलिटरमध्ये सुमारे ९ ग्रॅम साखर असते, आणि तेवढीच रिचच्या १० मिलिलिटरमध्ये. म्हणजे रिच वापरताना दोन तृतीयांश घ्यायचं. हे विसरून पाककृतीत लिहिलंय तेवढंच रिच ओतलं, तर सगळं पेय सरबताच्या अंगाने जातं.

टिकण्याचं गणितही या पाण्यातच आहे. मुरंबा वर्षभर राहतो, कारण त्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. बुरशीला आणि यीस्टला ते मिळत नाही. सिम्पल सिरपमध्ये निम्मं पाणी आहे, तेव्हा त्यांना पुरेसं मोकळं पाणी सापडतं. म्हणून गरम करून केलेलं सिम्पल सिरप, उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत आणि फ्रीजमध्ये, महिनाभर धरावं. रिच सहा महिने राहतं. साखर आणि गार पाणी बाटलीत घालून नुसतं हलवून केलेलं सिम्पल सिरप मी दोन आठवड्यांपलीकडे ठेवत नाही, कारण त्याला उष्णता लागलेलीच नसते. तीनशे मिलिलिटरमध्ये मोठा चमचाभर व्होडका घातली तर मुदत आणखी वाढते, पण सरबतासाठी मुलांच्या हाती लागणाऱ्या बाटलीत ती घालू नये.

रिचची एक खोड आहे. दुप्पट साखर साध्या तापमानाच्या पाण्यात जेमतेम मावते, फ्रीजच्या गारव्यात तेवढीही मावत नाही. म्हणून कधीकधी तळाशी खडे धरतात. ते बिघडणं नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवली की विरघळतात. करताना लिंबाचे चार थेंब घालून एक उकळी दिली तर खडे धरणं कमी होतं, कारण आंबटपणामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि उरलेल्या साखरेला स्फटिक बांधायला अडथळा येतो. पाकात लिंबू पिळण्याची आपली घरगुती रीत यासाठीच आहे.

बिघाड ओळखायची जागा म्हणजे बाटलीचा वरचा भाग. सिरप गरम असतानाच झाकण लावलं तर वाफेचे थेंब झाकणाखालून खाली पडतात आणि वर पातळ थर तयार होतो. बुरशी तिथेच धरते. म्हणून गार झाल्यावरच झाकण लावावं. सिरप ढगाळ दिसलं, आत धागे तरंगले, उघडताना फुस्स आवाज आला किंवा आंबूस वास आला, तर वरचा थर काढून वापरण्याचा मोह टाळावा आणि सगळं ओतून द्यावं.

सुगंधी सिरपांची मुदत याहून कमी, कारण पानं, मुळं, फळं आपल्यासोबत पाणी आणि जंतू दोन्ही आणतात. वेलची-दालचिनीसारखे कोरडे मसाले घातलेलं सिरप तीन-चार आठवडे चालतं. ताजं आलं किंवा गवती चहा दोन आठवडे, पुदिना आणि फळांचा गर एक आठवडा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते गवती चहाचं. दहा-बारा पाती बारीक कापून, थोडी ठेचून, ३०० ग्रॅम पाण्यात घालायची. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवायचं आणि वीस मिनिटांनी गाळायचं. इथे एक महत्त्वाची गोष्ट: पाती पाणी पितात, थोडं वाफेने जातं, त्यामुळे गाळलेलं पाणी पुन्हा वजन करायचं. माझ्याकडे बहुधा २५० ग्रॅमच्या आसपास उरतं. जेवढं उरेल तेवढीच साखर घालून, मंद आचेवर विरघळवून, गार करून भरायचं. आधी सिरप करून मग त्यात पाती उकळत बसलं, तर माप हातचं जातं आणि पातींचा ताजा वास करपट होतो. पुदिन्याला तर उकळणं मुळीच सोसत नाही, तो काळपट पडतो. पानं पंधरा-वीस सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, मग गार सिरपबरोबर वाटून गाळायची. रंग हिरवा राहतो.

या गवती चहाच्या सिरपला काजूची फेणी चांगली साथ देते. फेणीचा वास दांडगा असतो, त्याला तेवढ्याच उघड वासाचा सोबती लागतो. फेणी ६० मिलिलिटर, लिंबाचा रस २०, सिरप २०. भरपूर बर्फात दहा-बारा सेकंद जोरात हलवून गाळून घ्यायचं. लिंबू फार आंबट असेल तर सिरप पाच मिलिलिटरने वाढवावं, लिंबू कमी करू नये.

आणि उन्हाळ्यात कोकणातून आलेली कोकमं असतील तर विस्तवाचीही गरज नाही. ताज्या कोकमांच्या सालींच्या वाट्या करून त्यांत साखर भरतात, बरणीत थर देऊन काही दिवस उन्हात ठेवतात. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि आपलं आपणच गडद लाल सिरप सुटतं. त्यात बाहेरचं पाणी मुळीच नाही, साखर भरपूर, शिवाय कोकमाचा स्वतःचा आंबटपणा. म्हणून पानांची सिरपं पंधरा दिवसांत संपवावी लागतात, तेव्हा ही बरणी पुढच्या हंगामापर्यंत पुरते. फेणीत घालताना मात्र लिंबू निम्मं करायचं.