बाहेर पडताना किती अंश?

कारखाना बंद पडला की त्यातला हीट एक्स्चेंजर भंगारात जात नाही, तो दुसऱ्या कारखान्याच्या आवारात जाऊन बसतो. लांबट लोखंडी पिंप, आत नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून थंड पाणी फिरतं आणि नळ्यांभोवती, म्हणजे शेलमध्ये, गरम द्रव. घेणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: माझा माल यातून बाहेर पडेल तेव्हा किती अंशांवर असेल?

कोकणातल्या एका रासायनिक कारखान्याचं उदाहरण घेऊ. तिथे तासाला 20 टन टोल्युइन 70 अंशांवर येतं. साठवणीच्या टाकीत जाण्यापूर्वी ते 45 अंशांपर्यंत उतरायला हवं. कूलिंग टॉवरचं पाणी 32 अंशांचं, तासाला 21.6 टन. विकत मिळतोय त्या एक्स्चेंजरमध्ये 19 मिलिमीटर व्यासाच्या, 3 मीटर लांबीच्या 136 नळ्या आहेत. त्यांचा बाहेरचा पृष्ठभाग मिळून सुमारे 24 चौरस मीटर भरतो. पाणी नळ्यांतून चार फेऱ्या मारतं, टोल्युइन शेलमधून एकदाच जातं.

नवा एक्स्चेंजर बनवायचा असता तर काम सरळ होतं. चारही तापमानं ठरलेली, त्यांवरून सरासरी फरक काढायचा आणि किती पृष्ठभाग लागेल ते मोजायचं. इथे उलट आहे. पृष्ठभाग समोर उभा आहे आणि बाहेर पडणारी दोन्ही तापमानंच ठाऊक नाहीत. सरासरी फरकाच्या त्या पद्धतीला मात्र हीच तापमानं आधी हवी असतात. मग अंदाज बांधायचा: टोल्युइन 45 वर बाहेर पडेल असं धरलं, तर 250 किलोवॅट उष्णता काढावी लागेल. पण त्या तापमानांना हा एक्स्चेंजर देतो 205. म्हणजे अंदाज चुकला, नवा अंदाज, पुन्हा आकडेमोड. उत्तर शेवटी मिळतं, पण चाचपडत.

स्टॅनफर्डच्या केज आणि लंडन या दोघांच्या 1955 सालच्या पुस्तकाने रूढ केलेली पद्धत हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरते. बाहेर किती अंश हे आधी विचारायचंच नाही. विचारायचं हे की जास्तीत जास्त जितकी उष्णता काढता आली असती, तिच्यातला किती हिस्सा हा एक्स्चेंजर काढतो? या हिश्श्याला परिणामकारकता म्हणतात.

जास्तीत जास्त म्हणजे किती, इथेच नवखा माणूस अडखळतो. टोल्युइन एक अंशाने उतरवायला 10 किलोवॅट काढावे लागतात. पाणी एक अंशाने चढवायला 25 लागतात. आता समजा, पाणी थेट 70 अंशांपर्यंत तापवायचं ठरवलं. त्याला 950 किलोवॅट लागतील, आणि ते देता देता टोल्युइनला 95 अंशांनी उतरून शून्याखाली 25 वर जावं लागेल. 32 अंशांच्या पाण्याने हे होणं नाही. म्हणून कमाल मर्यादा नेहमी हलक्या बाजूने ठरते, ज्या द्रवाला एका अंशामागे कमी उष्णता पुरते त्याने. इथे ते टोल्युइन. ते फार तर 32 पर्यंत उतरेल, म्हणजे 38 अंश, म्हणजे 380 किलोवॅट.

आता एक्स्चेंजरचा वकूब. एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून 500 वॅट जातात असं धरू. टोल्युइन आणि पाण्याच्या जोडीला, थोडा मळ धरून, हा आकडा वाजवी आहे. 24 चौरस मीटरांना एका अंशामागे 12 किलोवॅट झाले. त्याला हलक्या बाजूच्या 10 ने भागलं की 1.2. हाच एनटीयू. नाव जड असलं तरी अर्थ साधा आहे: समोरच्या कामाच्या मानाने एक्स्चेंजर केवढा. दुसरा आकडा दोन्ही बाजूंचं गुणोत्तर, 10 भागिले 25, म्हणजे 0.4. शेलमध्ये एक फेरी आणि नळ्यांत दोन, चार, सहा फेऱ्या असतील तर सूत्र असं:

```
ε = 2 / (1 + C + S·(1 + e^(-N·S)) / (1 - e^(-N·S)))
S = √(1 + C²)
```

`N` च्या जागी 1.2 आणि `C` च्या जागी 0.4 घातले की `ε` येतो 0.607. 380 किलोवॅटचा एवढा हिस्सा म्हणजे 231 किलोवॅट. टोल्युइन 23.1 अंशांनी उतरून 46.9 वर बाहेर पडेल, पाणी 41.2 वर. एकाच फेरीत उत्तर, अंदाज कुठेही नाही.

हवे होते 45, मिळतात 46.9. यावर कारखान्यातला पहिला उपाय ठरलेला असतो: पाणी वाढवा. पाणी दुप्पट केलं तर गुणोत्तर 0.2 होतं, हिस्सा 0.65 वर जातो आणि टोल्युइन 45.2 वर येतं. दुप्पट पाण्याने जेमतेम पावणेदोन अंश मिळाले. वेग वाढल्याने उष्णता किंचित सुलभ जाईल, त्याचे थोडे आणखी मिळतील. पण नळ्यांतला दाबाचा तोटा तिप्पट-चौपट होईल आणि पंपाला तो पेलवेलच असं नाही. या पृष्ठभागाला अमर्याद पाणी दिलं तरी 43.4 च्या खाली उतरता येत नाही. आहे तेवढ्याच पाण्यात 45 हवे असतील तर सुमारे 29 चौरस मीटर लागतात. माझं मत विचाराल तर हा एक्स्चेंजर या कामाला लहान आहे.

तरीही समजा तो घेतला आणि वर्षभराने टोल्युइन 51 वर बाहेर पडू लागलं. आता तेच सूत्र उलटं चालवायचं. 38 पैकी 19 अंश उतरले, म्हणजे हिस्सा निम्मा. त्यावरून एनटीयू 0.82 निघतो आणि 500 वॅटचे सुमारे 340 झालेले दिसतात. त्याआधी एक खातरजमा हवी. टोल्युइनने गमावलेली उष्णता आणि पाण्याने घेतलेली उष्णता जुळते का? जुळत नसेल तर दोष एखाद्या मीटरचा आहे. जुळत असेल तर पाण्याच्या बाजूचा दाब पाहावा. तोटा वाढला असेल तर नळ्यांत गाळ बसलाय. तोटा उलट कमी झाला असेल, तर टोकाच्या झाकणातली फेऱ्या वेगळ्या करणारी पट्टी किंवा तिचं गॅस्केट गेलंय आणि पाणी नळ्यांत न शिरता आडवाटेने परस्पर निसटतंय. अशा वेळी नळ्या कितीही घासल्या तरी फरक पडत नाही.

ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: दर चौरस मीटरचे ते 500 वॅट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखेच. टोल्युइनसारख्या पातळ द्रवाला हे चालून जातं. थंड होता होता घट्ट होणाऱ्या तेलाला चालत नाही. तिथे एक्स्चेंजरचे तुकडे कल्पून प्रत्येकाचं गणित वेगळं करावं लागतं.

हिश्श्याचा खरा उपयोग मात्र खरेदीच्या चाचणीत होतो. जानेवारीच्या रात्री कूलिंग टॉवरचं पाणी 26 अंशांवर असलं तर हाच एक्स्चेंजर टोल्युइन 43.3 वर आणून दाखवेल. सगळे खूश, पैसे चुकते. पावसाळ्याच्या तोंडाशी दमट हवेत पाणी 32 वर गेलं की टोल्युइन पुन्हा 46.9 वर, आणि मग नळ्या घाण झाल्या म्हणून ओरड. घाण काही झालेली नसते. जानेवारीत 44 पैकी 26.7 अंश उतरले होते, आता 38 पैकी 23.1, दोन्ही वेळी हिस्सा 0.607 च. तेव्हा चाचणीच्या कागदावर नुसतं 43.3 पाहून सही करू नका. त्या आकड्याशेजारी आत येणाऱ्या पाण्याचं तापमान आणि दोन्ही बाजूंचे प्रवाह लिहून घ्या.