आर्क किती वेळ जळतो?

मंडळी, ४३३ व्होल्टच्या पॅनेलसमोर उभा असलेला माणूस आर्कमुळे किती भाजेल, हे कशावर ठरतं? आपण चटकन म्हणतो, करंटवर. पण ते अर्धंच उत्तर झालं. करंट तेवढाच असेल, तर अंगावर येणारी उष्णता वेळेच्या प्रमाणात वाढते. आर्क दुप्पट वेळ जळला की दुप्पट उष्णता. उघड्या कातडीवर दर चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी पडली, की फोड येण्याइतकं भाजायला सुरुवात होते. हा आकडा लक्षात ठेवा.

आता एक उदाहरण घेऊ. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा, ११ केव्हीवरून ४३३ व्होल्ट देणारा, इम्पीडन्स ५ टक्के. त्याचा पूर्ण लोडचा करंट सुमारे १,३३३ अँपिअर. बसबारवर थेट शॉर्टसर्किट झालं तर त्याच्या वीसपट, म्हणजे साधारण २६.७ किलोअँपिअर. पण आर्क म्हणजे थेट जोड नव्हे, मध्ये तापलेली हवा आहे आणि तिला स्वतःचा विरोध आहे. आयईईई १५८४ च्या २००२ सालच्या सूत्रांनी हिशोब केला, तर आर्कचा करंट जेमतेम १३ किलोअँपिअर येतो.

गंमत इथेच आहे, आणि धोकाही. समजा, १,६०० अँपिअरच्या इनकमर ब्रेकरचं तात्काळ ट्रिप दहापटीवर, म्हणजे १६ किलोअँपिअरवर ठेवलंय. आर्क त्याच्या खालीच राहतो. मग खालच्या फीडरला आधी संधी मिळावी म्हणून ठेवलेला ०.४ सेकंदाचा विलंब लागू होतो. तेवढ्या वेळात दोन फुटांवरच्या माणसावर सुमारे ११ कॅलरी पडतात. म्हणजे करंट कमी झाला, म्हणून भाजणं वाढलं!

उपाय काय? बऱ्याच ब्रेकरना मेंटेनन्स मोडचा स्विच असतो. दार उघडण्याआधी तो लावला, की तात्काळ ट्रिप समजा चौपटीवर, ६.४ किलोअँपिअरवर येतं. आता आर्क पकडला जातो. ब्रेकर उघडेपर्यंत एकूण ०.०८ सेकंद धरले, तर उष्णता सव्वादोन कॅलरीच्या आसपास येते. १.२ पेक्षा ती जास्तच आहे, तेव्हा आर्क-रेटेड कपडे आणि फेसशील्ड हवेतच. काम संपल्यावर स्विच आठवणीने पूर्ववत करायचा; नाहीतर एका फीडरच्या दोषात अख्खं पॅनेल बंद पडेल.

एक जागा मात्र या स्विचच्या आवाक्याबाहेर आहे. ट्रान्सफॉर्मर आणि इनकमर यांच्यामधल्या टर्मिनलवर आर्क झाला, तर इनकमर उघडूनही तो विझत नाही. तो ११ केव्हीच्या बाजूनेच तोडावा लागतो. तिथल्या रिलेला हेच १३ किलोअँपिअर जेमतेम ५१० अँपिअर दिसतात, आणि तो एक सेकंद थांबला तर २८ कॅलरी होतात. म्हणून आर्कचा प्रकाश ओळखणाऱ्या रिलेची ट्रिप वरच्या ब्रेकरलाही जोडतात. तशी सोय नसेल, तर त्या कप्प्याचं झाकण काढण्याआधी ११ केव्हीचा पुरवठाच बंद करायचा.